भिंती राहिल्या, बिऱ्हाडं गेली

१ जानेवारी २००० या दिवशी मलेशियातल्या पिनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहराच्या जुन्या गल्ल्यांमध्ये हजारो भाडेकरूंच्या डोक्यावरचं कायद्याचं छत्र गेलं. त्या दिवसापासून मालकाला जुन्या घराचं भाडं हवं तेवढं वाढवता येऊ लागलं आणि भाडेकरूला परवडत नसेल तर घर रिकामं करून मागता येऊ लागलं. पुढे साडेआठ वर्षांनी, ७ जुलै २००८ रोजी, युनेस्कोनं याच गल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या दोन तारखा सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत. पहिली घरभाड्याच्या इतिहासात नोंदली जाते, दुसरी पर्यटनाच्या पुस्तिकेत छापली जाते. माझं म्हणणं असं की जुन्या शहरांच्या जतनात माणसं का आणि कशी उठतात हे समजून घ्यायचं असेल, तर त्या दोन्ही तारखा एकाच दोरीत ओवून पाहायला हव्यात. त्यांचा क्रम उलटा असता तर आज तिथलं चित्र बरंच वेगळं दिसलं असतं.

जॉर्ज टाउन वसलं १७८६ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं बेटावर पाय ठेवला तेव्हा. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या या बंदरात चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे व्यापारी आणि मजूर आले, तमिळ मुसलमान आले, सुमात्रातल्या आचेहून लोक आले, आर्मेनियन आणि गुजराती आले. प्रत्येकानं आपापली गल्ली धरली आणि आपापलं देऊळ, मशीद, ज्ञातिगृह उभं केलं. आजही एका रस्त्यावर चालत गेलं की दयादेवीचं चिनी मंदिर, तमिळांचं मारिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद थोड्या थोड्या अंतरावर लागतात. आपल्या भुलेश्वर–पायधुनीची चाल ज्याला ठाऊक आहे त्याला हे शहर परकं वाटणार नाही.

या शहराचा पेशी म्हणजे दुकानघर. रस्त्याकडे तोंड अरुंद, पाच-सहा मीटरचं, आणि खोली मात्र त्याच्या कितीतरी पट. खाली दुकान किंवा कारखाना, वर बिऱ्हाड. पुढच्या बाजूला वरच्या मजल्याखाली पाच फुटी वाट ठेवलेली असते, तिला मलय भाषेत काकी लिमा म्हणतात. घरं एकाला एक चिकटून असल्यानं ही वाट सलग गल्लीभर जाते आणि पावसातही कोरडं चालता येतं. घराच्या मध्यभागी वाड्यात असतो तसा उघडा चौक, त्यातून उजेड येतो, गरम हवा वर निघून जाते, पावसाचं पाणी खाली पडतं. भिंती विटांच्या आणि चुन्याच्या, छत लाकडी तुळयांवर पातळ मातीच्या कौलांचं.

अशा एका घरात किती लोक राहत ते बघण्यासारखं आहे. मालक बहुधा तिथे राहतच नसे. तो घर एका मुख्य भाडेकरूला देई. मुख्य भाडेकरू खाली स्वतःचा धंदा चालवी, आणि वरच्या मजल्यावर लाकडी फळ्यांचे आडपडदे घालून पाडलेल्या खोल्या पोटभाडेकरूंना देई. एका खोलीत शिवणकाम करणारी बाई, दुसरीत बंदरावरचा हमाल, तिसरीत नवरा-बायको आणि दोन मुलं. मोरी आणि चूल सगळ्यांची मिळून. कायद्याच्या कागदावर भाडेकरू एकच, मुख्य भाडेकरू. बाकीच्यांची नावं कुठे असलीच तर त्याच्या वहीत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे जेव्हा उठवायची वेळ आली तेव्हा नुकसानभरपाईची बोलणी झाली तरी ती त्या एका नावाशी झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, म्हणून ब्रिटिश मलायात भाडी गोठवण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तेच धोरण पुढे चालवलं. ३१ जानेवारी १९४८ पर्यंत बांधलेल्या इमारतींना तो लागू होता, आणि जॉर्ज टाउनचा गाभा जवळजवळ सगळाच त्याआधीचा. मुंबईकराला यात काहीच नवल वाटणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरून गोठवलं होतं. राज्यकर्ता एक, युद्ध एक, टंचाई एक, तेव्हा उपायही एकच निघाला.

त्या उपायाची दोन्ही टोकं खरी आहेत आणि दोन्ही सांगायला हवीत. गोठलेल्या भाड्यामुळे उदबत्ती वळणारा, साइनबोर्ड कोरणारा, वेताच्या खुर्च्या विणणारा, टोप्या शिवणारा असे कमी कमाईचे कारागीर शहराच्या ऐन मध्यात टिकले. धंदा आणि घर एकाच छपराखाली असल्यामुळे गिऱ्हाईक, कच्चा माल आणि मदतनीस सगळे हाकेच्या अंतरावर होते. आणि याच गोठलेल्या भाड्यामुळे मालकानं कौलं फेरणं सोडून दिलं. पातळ कौलांचं छत दर काही वर्षांनी उकलून पुन्हा बसवावं लागतं. ते झालं नाही की तुळईच्या भिंतीतल्या टोकाला ओल धरते, वाळवी लागते आणि एक दिवस मजलाच खचतो. पाडून नवं बांधलं तर भाडेकरूला बाहेर काढावं लागणार, आणि ते कायद्यानं अवघड. म्हणजे ज्या कायद्यानं बिऱ्हाडं वाचवली त्यानंच उंच इमारतींपासून शहरही वाचवलं, आणि छपरंही गळकी केली.

१९९७ साली मलेशियानं हा कायदा रद्द केला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून १९९९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे २८ महिने, मुदत दिली गेली. या काळात पर्यायी घरं बांधली जातील, भाडी टप्प्याटप्प्यानं वाढतील, लोक सावरतील अशी अपेक्षा होती. घरं पुरेशी बांधली गेली नाहीत. मुदत संपल्यावर भाडी एकदम अनेक पटींनी चढली. पिनांगमध्ये भाडेकरूंच्या बाजूनं उभी राहिलेली ‘सेव्ह अवरसेल्व्ह्ज’ ही संघटना याच धामधुमीत घडली. ज्यांच्याकडे थोडे पैसे होते ते शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत गेले, म्हातारे नातेवाइकांकडे किंवा आश्रमात गेले. पोटभाडेकरू कुठे गेले याची नीट नोंदच नाही, कारण त्यांची नोंद मुळातच नव्हती.

नंतर जे झालं ते मालकांनाही अपेक्षित नव्हतं. भाडेकरू गेले, पण चढ्या भाड्यानं घ्यायला कोणी आलं नाही. गल्ल्या रात्री अंधाऱ्या पडू लागल्या. कित्येक मालकांनी वरच्या मजल्यांच्या खिडक्या विटांनी बुजवल्या, आत पाकोळ्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज लावले आणि त्या पाखरांची घरटी विकायला सुरुवात केली. चीनमध्ये या घरट्यांचं सूप करतात आणि त्यांना चांगला भाव मिळतो. जिथे माणसं भाडं देत होती तिथे पाखरं आली. ओल आणि विष्ठेनं भिंती आणखी कुजल्या. पुढे वारशाच्या मानांकनानंतर सरकारला हे पाकोळीपालन जुन्या शहरातून हटवावं लागलं.

युनेस्कोची मान्यता आली ती या अर्ध्या रिकाम्या शहराला. मलाक्का आणि जॉर्ज टाउन यांची एकत्र नोंद झाली. जॉर्ज टाउनमधलं गाभ्याचं क्षेत्र सुमारे १०९ हेक्टर, त्याभोवती दीडशे हेक्टरचा संरक्षक पट्टा. मान्यता देताना जी कारणं दिली गेली त्यात इमारतींची शैली होती, तशीच एक दुसरीही गोष्ट होती: अनेक धर्मांचे, भाषांचे, रीतींचे लोक शेजारी शेजारी राहत आले, आणि हा जिवंत वारसा इथे अजून दिसतो. जगाला दिलेलं वचन माणसांच्या सहवासाचं होतं. त्यानंतर जी नियमावली घडत गेली, आणि २०१६ मध्ये विशेष क्षेत्र आराखडा म्हणून राजपत्रात आली, तिचा जोर मात्र उंचीवर, दर्शनी भागावर, छपराच्या उतारावर, कौलांवर आणि चुन्यावर. कोणती खिडकी बदलता येणार नाही हे नेमकं सांगता येतं. कोणतं बिऱ्हाड हलवता येणार नाही हे सांगणारं कलम तसं नेमकेपणानं लिहिलं गेलं नाही.

आता पैशाचा हिशेब. १९७९ साली नील स्मिथ या भूगोलाच्या अभ्यासकानं मांडलेली एक साधी कल्पना इथे फार उपयोगी पडते. एखाद्या जागेतून आज मिळणारं भाडं आणि तीच जागा उत्तम वापरात आणली तर मिळू शकणारं भाडं, यांत जितकी मोठी दरी, तितका पैसा तिकडे ओढला जातो. जुनं शहर पडकं असतं तेव्हा ही दरी वाढत असते, पण कायद्यानं ती बांधून ठेवलेली असते. बांध फुटला आणि वर वारशाचा शिक्का बसला की दरी एकदम उघडी पडते.

आकडे घालून पाहू. हे आकडे माझे, केवळ समजण्यासाठी. समजा एका दुकानघराचं जुनं भाडं महिना २०० रिंगिट आहे. नियमानुसार दुरुस्ती करायची तर चुन्याचा गिलावा हवा, सिमेंट चालत नाही. जुन्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढत असते, चुना तिला श्वासासारखी बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि मीठ फुलून भिंत सुटते. लाकूड जाड आणि टिकाऊ हवं, कौलं जुन्या मापाची हवीत, आणि हे सगळं जाणणारे गवंडी-सुतार मोजकेच. समजा खर्च ३ लाख रिंगिट आला. सहा टक्के व्याजानं कर्ज काढलं तर पहिल्या महिन्याचं व्याज १,५०० रिंगिट, वीस वर्षांत मुद्दल फेडायचं तर त्याचे आणखी १,२५०. म्हणजे मालकाला एक पैसा न मिळतासुद्धा घर महिना २,७५० रिंगिट मागतं. उदबत्तीवाला जुन्या भाड्याच्या दुप्पट देईल, तिप्पट देईल, चौदापट कुठून देणार?

आता त्याच घरात आठ खोल्यांचं छोटं हॉटेल काढलं, खोलीचा दर १५० रिंगिट ठेवला आणि निम्मेच दिवस खोल्या भरल्या, तरी महिन्याचा गल्ला १८ हजार. त्यातून कर्ज, पगार, साबण-चादरी सगळं काढून मालकाला चांगलं भाडं देता येतं. या हिशेबात कोणी दुष्ट नाही. मालकाला वाडवडिलांचं घर वाचवायचं आहे, हॉटेलवाल्याला जुन्या घरांचं खरंच प्रेम आहे, पालिकेला चुना हवा आहे. तिघं मिळून जे करतात त्यानं उदबत्तीवाला जातो.

आणि घरही आतून बदलतं. वरच्या मजल्यावरचे लाकडी आडपडदे प्रथम निघतात, कारण त्यांना कोणी वारसा मानत नाही. त्यांच्या जागी प्रत्येक खोलीला न्हाणीघर येतं. शंभर वर्षं न सोसलेलं पाणी आणि वजन आता त्या तुळयांवर येतं. चौकावर काच बसते किंवा चौकात शोभेचा हौद होतो, मग हवा खेळेनाशी होते आणि एअर कंडिशनर लागतो. त्याची यंत्रं मागच्या गल्लीत गरम हवा सोडतात, तिथे अजून राहणाऱ्या शेजाऱ्याच्या खिडकीसमोर. पाच फुटी वाटेवर उदबत्त्या वाळत घातलेल्या असत, तिथे खुर्च्या-टेबलं येतात. दर्शनी भाग मात्र इतका देखणा होतो की छायाचित्रात सगळं जपलेलं दिसतं.

२०१२ साली अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकारानं इथल्या भिंतींवर चित्रं काढली. आर्मेनियन स्ट्रीटवरचं सायकलवरच्या दोन मुलांचं चित्र जगभर गाजलं. चित्र सुंदर आहे, चित्रकाराचा काही दोष नाही. पण त्यानंतर त्या रस्त्यावर दिवसभर फोटोसाठी रांगा लागू लागल्या, आइस्क्रीमची आणि आठवण-वस्तूंची दुकानं वाढली आणि भाड्याच्या दरीत आणखी भर पडली. सिंगापूरकडचा पैसा आला तेव्हा एकेक घर नव्हे, रांगाच्या रांगा विकल्या गेल्या. वारसा क्षेत्रातली वस्ती २००९ च्या मोजणीत दहा हजारांच्या किंचित वर होती, २०१३ मध्ये ती साडेनऊ हजारांच्या आत आली.

घट एवढीच का, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर अमेरिकेतले नगरनियोजनाचे अभ्यासक पीटर मार्क्युस यांनी १९८५ मध्ये देऊन ठेवलं आहे. ते म्हणतात, जो माणूस नोटीस मिळून गेला तेवढाच विस्थापित नव्हे. त्याच्यासारखा दुसरा माणूस जिथे कालपर्यंत राहायला येऊ शकत होता आणि आज येऊ शकत नाही, तिथेही विस्थापनच झालेलं असतं, फक्त ते कोणाच्या डोळ्यांसमोर घडत नाही. म्हातारी आजी मरेपर्यंत जुन्या खोलीत राहिली, तिच्यामागे त्या खोलीत दुसरी आजी आली नाही. जनगणनेत ही गोष्ट मृत्यू म्हणून नोंदली जाते.

तेव्हा अशा वस्तीत नुसती डोकी मोजून भागत नाही. मी एखाद्या जुन्या पेठेत गेले की किराणा दुकान शोधते, सुटं तेल आणि पावकिलो डाळ देणारं. ते आहे म्हणजे रोज स्वयंपाक करणारी घरं जवळ आहेत. रात्री नऊनंतर वरच्या मजल्यांवर दिवे आहेत का, गॅलरीत रोजचे कपडे वाळतात की एकसारख्या पांढऱ्या चादरी, जवळच्या प्राथमिक शाळेत किती तुकड्या उरल्या, किल्ल्या करणारा आणि प्लंबर गल्लीत मिळतो का. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की आकडा काहीही सांगो, वस्ती निसटू लागली आहे असं समजावं.

या विषयावरचा निबंध मी एका परिसंवादात वाचला तेव्हा एका वास्तुसंवर्धकानं उठून विचारलं, “बाई, घरच पडलं तर तुमचा भाडेकरू राहणार कुठे?” प्रश्न रास्त होता. भाडं गोठवून ठेवलं की घर मरतं, हे आपल्या गिरगाव–काळबादेवीत दर पावसाळ्यात दिसतं. शिवाय जाणारा प्रत्येक जण ढकलला गेलेला नसतो. जॉर्ज टाउनमधल्या अनेक कारागिरांच्या मुलांना फळीच्या खोलीत आणि सामायिक मोरीत राहायचं नव्हतं, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. लाकडी आडपडद्यांमागचं जिणं गोड करून सांगणारे बहुधा तिथे राहिलेले नसतात. मला फक्त एवढं म्हणायचं आहे की दुरुस्तीचा पैसा कोणत्या अटीवर येतो, यावर सगळं ठरतं. पैसा बिनशर्त आला तर तो भाडेकरूला उचलूनच घरात शिरतो.

अट घालता येते हे इटलीतल्या बोलोन्या शहरानं करून दाखवलं होतं. तिथली पालिका त्या काळी कम्युनिस्टांच्या हाती होती, आणि पियेर लुइजी चेर्वेल्लाती या वास्तुशिल्पीनं जुन्या शहराची आखणी केली. १९७१ मध्ये इटलीत सार्वजनिक घरांसाठी जमीन संपादन करण्याचा कायदा झाला होता. तो शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनींसाठी आहे असंच सगळे धरून चालले होते. बोलोन्यानं १९७३ मध्ये म्हटलं, गावाबाहेर नवी वसाहत कशाला, हाच पैसा जुन्या पेठेतल्या पडक्या घरांना वापरू, आणि तिथल्याच माणसांना तिथेच ठेवू. सान लिओनार्दोसारख्या कामगारांच्या पाच पेठा निवडल्या. घरांचे प्रकार पाडले, कारण एकाच प्रकारच्या घरांना एकाच पद्धतीची दुरुस्ती लागते आणि खर्चाचा अंदाज बांधता येतो. दुरुस्ती चालू असताना भाडेकरूंना जवळच तात्पुरती घरं दिली आणि काम झाल्यावर परत आणलं.

संपादनाला छोट्या घरमालकांनी कडाडून विरोध केला, म्हणून पालिकेनं माघार घेतली आणि करार पुढे केला. मालकी तुमचीच राहील, दुरुस्तीला आम्ही पैसे देऊ, मोबदल्यात ठरावीक वर्षं भाडं आम्ही म्हणू तेवढंच आणि जुना भाडेकरू परत आत. माझ्या मते या सगळ्या प्रयोगातली शिकण्यासारखी गोष्ट हीच. शहराच्या मानानं घरं थोडीच झाली, पैसा कमी पडला, कराराची मुदत संपली की घर पुन्हा बाजारात जात असे. आज बोलोन्यातही विद्यार्थ्यांना आणि पर्यटकांना खोल्या देणं नफ्याचं झालं आहे. मुदत होती तोवर मात्र घर आणि घरातली माणसं दोन्ही टिकली.

जॉर्ज टाउनचा मघाचा हिशेब या अटीवर पुन्हा मांडून पाहता येईल. तीन लाखांतले दीड लाख अनुदान म्हणून आले आणि उरलेले दीड लाख दोन टक्क्यांनी वीस वर्षांसाठी मिळाले, तर पहिल्या महिन्याचं व्याज २५० आणि मुद्दल ६२५, मिळून ८७५ रिंगिट. मालकाला हाती काही मिळावं म्हणून एकूण भाडं १,२०० धरू. खालचं दुकान आणि वरची तीन बिऱ्हाडं यांनी ते वाटून घेतलं तर प्रत्येकी ३००. जुन्या काळाच्या मानानं हे भाडं बरंच जास्त आहे आणि सगळ्यांना झेपेल असं नाही, पण कारागीर ते ऐकून निदान हिशेब करायला बसेल. पहिल्या आकड्याला तो बसणारही नाही. हे अनुदान फुकट वाटप नाही. त्याच्या बदल्यात वीस वर्षं चार बिऱ्हाडांचं भाडं बांधलेलं राहतं, आणि गावाबाहेर चार नवी घरं बांधायचा खर्च वाचतो.

जॉर्ज टाउनमध्ये अनुदानं आली नाहीत असं नाही. २००९ पासून ‘थिंक सिटी’ या सरकारी पैशावरच्या संस्थेनं जुन्या घरांच्या दुरुस्तीला मदत दिली आणि चांगली घरं उभी राहिली. पण तोवर कायद्याचं छत्र जाऊन नऊ वर्षं झाली होती. ज्यांच्यासाठी अट घालायची ते आधीच निघून गेले होते.

मुंबईत गोष्ट उलट्या दिशेनं गेली. मलेशियानं भाडे कायदा रद्द केला त्याच १९९७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही मुंबईतलं गोठलेलं प्रमाण भाडं अवाजवी ठरवलं. पण त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, जो ३१ मार्च २००० रोजी लागू झाला, त्यानं भाडेकरूचं संरक्षण कायम ठेवलं, वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीलाही कायद्यात जागा दिली. पिनांगचे भाडेकरू उघड्यावर आले त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. आपल्याकडे भाडेकरू राहिला आणि इमारत कोसळत गेली. मग उपाय निघाला तो पुनर्विकासाचा, म्हणजे पाडून मनोरा बांधायचा. भाडेकरूला त्यात हक्काची जागा मिळते हे खरं. पण लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा महिन्याचा देखभाल खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पट असतो, आणि काही वर्षांत ती जागा विकून कुटुंब डोंबिवली-विरारकडे सरकतं. कागदोपत्री ही खुशीची विक्री असते.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत या दोन्ही तऱ्हा एकमेकींना भेटतात. लाकडी सज्जांची, उतरत्या छपरांची ईस्ट इंडियन कुटुंबांची घरं तिथे एकेकाळी पासष्टच्या आसपास होती, आता निम्मीही उरली नाहीत. काही पाडली गेली, आणि जी उरली त्यांच्यासमोर दिवसभर कॅमेरे घेऊन माणसं उभी असतात. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ ची, देशातली पहिली. तिनं इमारतीच्या मालकाचा विचार केला: वारशामुळे वाढीव बांधकाम करता आलं नाही तर त्या चटईक्षेत्राच्या बदल्यात त्याला टीडीआर देण्याची सोय ठेवली, जो तो दुसरीकडे विकू शकतो. हा पैसा दुरुस्तीला लावला का आणि आतला भाडेकरू राहिला का, या दोन गोष्टी त्या टीडीआरला बांधल्या असत्या तर बोलोन्याचा करार आपल्याच नियमावलीत, सरकारी तिजोरीला हात न लावता आला असता. आजही येऊ शकतो. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, टीडीआर देतानाच्या करारात दोन अटी लागतील.

त्याआधी एक काम मात्र करावं लागेल, आणि ते वारशाची यादी जाहीर होण्यापूर्वीच. एकदा यादी छापली की भाव चढू लागतात आणि भाडेकरूंशी गुपचूप बोलणी सुरू होतात. आपल्याकडे इमारतीची नोंद करणाऱ्या पत्रकात बांधकामाचं साल, शैली, साहित्य, दुरुस्तीची अवस्था एवढं भरलं जातं. त्याच पत्रकात आणखी चार रकाने हवेत: आत कोण राहतं, किती वर्षांपासून, कोणत्या हक्कानं आणि कोणता धंदा करतं. पोटभाडेकरूंसकट, कारण जॉर्ज टाउनमध्ये सगळ्यात आधी नाहीशी झाली ती त्यांचीच नावं. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी अशा पेठांची मापं घ्यायला दरवर्षी जातात. खिडकीची चौकट मोजून झाल्यावर दार ठोठावून हे चार प्रश्न विचारायला त्यांना अर्धा तास जास्त लागेल.